लघवीची गोळी, सहाची लोकल आणि सकाळची शाळा

प्रश्न : मी ५१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर बदलापूरला, शाळा मुलुंडला, सकाळचं सत्र. सहाच्या लोकलने निघते, दुपारी दीडला घरी येते. हृदयाचं पंपिंग कमी आहे म्हणून डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्यांबरोबर फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम ही लघवीची गोळी रोज सकाळी एक अशी दिली आहे. साडेपाचला चहाबरोबर घेतली की डोंबिवली येईपर्यंत जीव कासावीस होतो. दोनदा मधेच उतरावं लागलं. शाळेत पहिल्याच तासाला वर्ग सोडून जावं लागतं, लाज वाटते. म्हणून शाळेच्या दिवशी गोळी घेत नाही, रविवारी दोन घेते. शाळा सुटेपर्यंत पाणीही पीत नाही. आता संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. एक सहकारी म्हणते, माझ्या आईची गोळी वेगळी आहे, ती मागून घे. घरचे म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घे. माझा भाऊ एसटीत चालक आहे. त्याच्या बीपीच्या गोळीतही लघवीचं औषध आहे आणि त्यालाही हाच त्रास आहे. नोकरी आणि गोळी दोन्ही सांभाळता येतं का?

उत्तर : ताई, येतं. तुमच्या दिवसाचा आकार पाहिला तर बऱ्याच जणांपेक्षा तुम्हाला ते सोपं आहे. मात्र त्याआधी एक समजूत तपासून पाहू. चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिलं आहे म्हणजे ही गोळी सकाळीच काम करते, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. फ्युरोसेमाइड घड्याळ बघून काम करत नाही, पोटात गेल्यापासूनचे तास मोजून काम करतं. ‘सकाळी’ लिहिण्यामागचं मुख्य कारण एवढंच की लघवीचा जोर दिवसा ओसरावा आणि रात्रीची झोप मोडू नये. ज्याला सकाळी घराबाहेर पडायचं नाही, त्याला ही वेळ सोयीची. तुम्हाला ती सर्वांत गैरसोयीची आहे.

या गोळीचे तास आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच मांडता येईल. तोंडाने घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात ती काम सुरू करते. पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत जास्त जोर असतो. मग हळूहळू उतार लागतो आणि साधारण सहा ते आठ तासांत अंमल संपतो. आता साडेपाचच्या गोळीचा हिशोब मांडा. सहा ते साडेसहाच्या दरम्यान लघवी वाढायला लागते, तेव्हा तुम्ही लोकलमध्ये असता आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. साडेसहा ते साडेसात हा ऐन जोराचा तास. त्यातला अर्धा गाडीत जातो आणि अर्धा शाळेच्या पहिल्या तासात. म्हणजे तुमचं मूत्राशय नाजूक झालेलं नाही, किंवा गोळी तुम्हाला ‘सोसत नाही’ असंही नाही. गोळी ठरल्याप्रमाणे काम करते आहे, फक्त ती वेळ चुकीच्या ठिकाणी येते आहे.

असं लक्षात आलं की बहुतेक जण पहिला उपाय करतात तो गजर लवकर लावण्याचा. साडेपाचऐवजी पाऊण तास आधी, पावणेपाचला गोळी घ्यायची. तुमच्यासाठी तो उपाय फसवा आहे. तेव्हा जोराचा काळ पावणेसहा ते पावणेसात असा येईल, म्हणजे तुमचा जवळजवळ अख्खा प्रवास त्यात सापडेल. पहाटेची गोळी खरोखर उपयोगी पडायची तर घर सोडण्याआधी किमान तीन तास हातात हवेत. तुमच्या बाबतीत ती वेळ पहाटे पावणेतीनची होते. हृदयाच्या रुग्णाने झोप मोडून त्यासाठी उठण्यात अर्थ नाही. शाळेत पोहोचल्यावर सव्वासातला घेतली तर गाडीचा प्रश्न सुटेल, पण पहिले तीन तास वर्गात हाल होतील.

राहते ती दुपार. तुम्ही दीडला घरी येता. आल्या आल्या हातपाय धुऊन गोळी घेतली तर दोन-अडीचला काम सुरू होईल, साडेतीनपर्यंत जोर राहील, पाच-सहापर्यंत बराचसा उतार लागेल आणि आठच्या सुमारास अंमल संपेल. पहाटे पावणेपाचला उठणारं माणूस साडेनऊ-दहाला झोपतं, त्याच्या आधी सगळं आटपलेलं असतं. घरचं शौचालय दहा पावलांवर. फ्युरोसेमाइड गरज पडल्यास दिवसा उशिरा घेता येतं, फक्त दुपारी चारनंतर शक्यतो घेऊ नये, असं रुग्णांना सर्रास सांगितलं जातं. चारची मर्यादा कशासाठी, हे आता तुम्हाला वरच्या तासांवरून कळेल. पाच-सहाला घेतलेली गोळी मध्यरात्रीपर्यंत उठवत राहते. अंधारात, झोपेत, चक्कर असताना शौचालयाकडे जाताना माणसं पडतात, हा धोका चाळिशी-पन्नाशीनंतर लहान नसतो.

गोळी आणि जेवण यात अर्धा-पाऊण तास ठेवता आला तर ठेवा. भरल्या पोटी फ्युरोसेमाइडचं शोषण मंदावतं, असर उशिरा येतो आणि थोडा कमीही पडतो. मुळातच ही गोळी तोंडाने घेतल्यावर किती शोषली जाईल हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतं. एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी भरपेट जेवून घेतलीत तर आज तीनला लागली, उद्या पाचला, असं होईल आणि वेळ चुकली असं वाटेल. रोज एकच पद्धत ठेवलीत की चार-पाच दिवसांत तुमच्या शरीराचा नेमका तास तुम्हाला कळेल.

वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना भेटणं मात्र गरजेचं आहे, आणि ते नुसतं परवानगी विचारायला नाही. तुम्ही सध्या जे करता आहात ते त्यांना माहीत नसणं, हा तुमच्या पत्रातला सर्वांत काळजीचा भाग आहे. डॉक्टरांच्या नजरेने बघा. त्यांच्या कागदावर तुम्ही रोज ४० मिलिग्रॅम घेता. तपासायला आलात तर पायावर सूज आहे, वजन वाढलं आहे. ते काय समजतील? ४० पुरत नाही, ८० करू. वरून दुसरी लघवीची गोळीही जोडतील. मग एखाद्या आजारपणात किंवा रुग्णालयात दाखल झाल्यावर कोणीतरी ती सगळी औषधं कागदाबरहुकूम रोज देईल, तेव्हा रक्तदाब घसरेल, पोटॅशियम आणि सोडियम खाली येईल आणि मूत्रपिंडांवर ताण पडेल. ‘शाळेच्या दिवशी मी घेत नाही, कारण गाडीत शौचालय नाही’ हे एक वाक्य त्यांना सांगितलंत तर सूज येण्याचं कारण त्यांना लगेच कळेल. यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरी करणाऱ्या फार माणसांच्या लघवीच्या गोळ्या याच कारणाने राहतात.

रविवारी दोन गोळ्या घेऊन आठवड्याची भरपाई का होत नाही, तेही सांगते. ही गोळी मूत्रपिंडाला शरीरातलं मीठ बाहेर टाकायला लावते आणि मिठामागून पाणी जातं. अंमल उतरला की मूत्रपिंड उलट बाजूला झुकतं आणि खाल्लेलं मीठ धरून ठेवायला लागतं. रोज गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवशीची गोळी ही धरपकड मोडते. तुमच्या बाबतीत पुढचे सहा दिवस ती मोडायला कोणी नसतं. रविवारी निघालेलं पाणी मंगळवार-बुधवारपर्यंत बरंचसं परत भरतं आणि शनिवारी सूज जिथल्या तिथे असते. फायदा निसटतो, पण तोटा पदरात पडतो. एका दिवशी ८० मिलिग्रॅम गेल्यावर एकदम पाणी निघतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे येतात. पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ज्यांचं पंपिंग आधीच कमी आहे त्यांना ते परवडत नाही. म्हणून येत्या रविवारी दोन घेऊ नका. डॉक्टरांशी बोलून एकच घ्या, दुपारी घ्या आणि तीच वेळ पुढे चालू ठेवा. सुट्टीच्या दिवशी सुरुवात केलीत तर जोर कधी येतो ते घरबसल्या कळेल. बाकीच्या हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्यांच्या वेळा आपल्या मनाने हलवू नका. कोणत्या गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब फार उतरेल, हे त्याच भेटीत विचारून घ्या. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासण्याबद्दलही विचारा. इतके आठवडे गोळी अशी घेतल्यावर ते बघणं योग्य.

दुपारची वेळ कोणाला चालणार नाही, हेही सांगायला हवं, कारण हे वाचून उद्यापासून सगळ्यांनीच वेळ बदलावी असं नाही. नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, आडवं झाल्यावर धाप लागणारे, ज्यांचा डोस सध्या दर आठवड्याला बदलतो आहे, किंवा ज्यांना दिवसातून दोनदा गोळी आहे, अशांनी डॉक्टरांनी आखलेली वेळ हलवू नये. दोनदा असेल तर सहसा एक सकाळी आणि दुसरी दुपारी असते. त्यांनी नोकरीच्या वेळा डॉक्टरांपुढे ठेवून दोन्ही वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्याव्यात.

आता पाण्याबद्दल. शाळा सुटेपर्यंत पाणी न पिणं ही शिक्षिकांमधली जुनी सवय आहे, गोळी नसलेल्यासुद्धा तेच करतात, कारण शाळांमधल्या शौचालयांची अवस्था. पण पाणी तोडल्याने या गोळीचा जोर जात नाही. ती साठलेलं मीठ-पाणी काढते, तुम्ही सकाळी पेला रिकामा ठेवलात म्हणून थांबत नाही. उलट लघवी घट्ट होते, जळजळ होते, संसर्ग झाला तर दर अर्ध्या तासाला घाई होते आणि मग दोष पुन्हा गोळीवर जातो. गोळी दुपारवर नेल्यावर सकाळचा हिशोब किती बदलतो बघा. दिवसाला सुमारे दीड लिटर लघवी होणाऱ्या माणसाचं मूत्राशय तासाला साधारण ६० मिलिलिटर भरतं. मूत्राशय ३०० ते ४०० मिलिलिटरपर्यंत आरामात धरतं. घरातून निघताना रिकामं करून निघालात तर मधल्या सुट्टीत एकदा जाणं पुरतं.

हृदयाचं पंपिंग कमी असणाऱ्या काहींना डॉक्टर दिवसभराच्या पाण्यावर मर्यादा घालतात. तुम्हाला घातली आहे की नाही आणि किती, ते नेमक्या आकड्यात विचारा. समजा दीड लिटर सांगितलं, तर त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. तुमच्या दिवसात ते असं बसेल : पहाटे चहा १०० मिलिलिटर, शाळेत घोट घोट करून ४००, दुपारच्या जेवणात पाणी आणि आमटी मिळून ४००, चारचा चहा १००, सातपर्यंत ३०० आणि रात्रीच्या जेवणाला २००. शाळेत न्यायच्या बाटलीवर ४०० ची खूण करून ठेवा. ज्यांना मर्यादा घातलेली नाही त्यांनी तहान लागेल तसं प्यावं, पण झोपण्याआधीच्या दोन तासांत पेला भरून पिऊ नये.

मिठाचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण गोळीची निम्मी मेहनत तिथे वाया जाते. दिवसभरात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि स्वयंपाकातच ती बहुतेक संपते. शाळेतून येताना स्टेशनवरचा वडापाव, स्टाफरूममधलं फरसाण, जेवणातलं लोणचं आणि पापड हे सगळं त्यावर चढतं. गोळी दोनला घेतली आणि चहाबरोबर पाचला शेव-फरसाण खाल्लं, तर अंमल उतरताना मूत्रपिंड मीठ धरायला बसलेलंच असतं. ॲसिडिटीसाठी पाण्यात टाकायची फसफसणारी पावडर आणि फसफसणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम भरपूर असतं, हे कोणी फारसं लक्षात घेत नाही. यावर उपाय म्हणून दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र न विचारता आणू नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला चढू शकतं.

दिवसभर उभं राहून पाय ठणकतात म्हणून शिक्षक आणि वाहक-चालक वेदनाशामक गोळी सहज घेतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा असर कमी करतात आणि हृदयाच्या इतर औषधांबरोबर मूत्रपिंडाला इजाही करू शकतात. तुम्ही त्या टाळा. दुखण्यासाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या यादीत ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी असेल तर तेही त्यांना आवर्जून दाखवा. तिच्यामुळे घोट्याजवळ सूज येते आणि ती सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. अशा वेळी लघवीची गोळी वाढवण्यापेक्षा ॲम्लोडिपिनचा विचार करावा लागतो.

वेळ बदलल्यानंतर ती लागू पडते आहे की नाही हे सूज बघून नीट कळत नाही, वजनावरून कळतं. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. समजा सोमवारी ६२.४ किलो आहे, मंगळवारी ६२.६, बुधवारी ६२.३. हा चढउतार जेवणाखाण्याचा, त्याकडे लक्ष देऊ नका. पण सोमवारी ६२.४ आणि गुरुवारी ६४.५ दिसलं तर ती तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ आहे. इतक्या दिवसांत एवढी चरबी वाढत नाही, ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलट वजन रोज घसरत चाललं, तोंड कोरडं पडतं आणि उठताना तोल जातो, तर गोळी जास्त होते आहे, तेव्हाही फोन करा. उलट्या-जुलाब झाले, ताप आला किंवा खाणंपिणं बंद झालं तर लघवीची गोळी तशीच रेटू नका, त्या दिवशी घ्यायची की थांबवायची हे विचारून घ्या.

एखाद्या दिवशी पालकसभा लागली, दुपारी दीडला घरी पोहोचता आलं नाही, तर? चारच्या आत पोहोचलात तर तेव्हा घ्या. त्याहून उशीर झाला तर त्या दिवशीची सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्या. महिन्यातून एखादी गोळी अशी राहणं आणि आठवड्यातून सहा राहणं यात फार फरक आहे. परतीच्या प्रवासात लोकलमध्ये चढण्याआधी ‘घरी पोहोचेपर्यंत चालेल’ म्हणून घेऊ नका. मध्य रेल्वेवर गाडी अर्धा तास खोळंबली की तीच पहाटेची गत होईल.

सहकारी म्हणतात ती गोळी बहुधा टॉर्सेमाइड असेल. ती वाईट नाही. तिचं शोषण फ्युरोसेमाइडपेक्षा भरवशाचं आहे, जेवणाचा फरक कमी पडतो. पण तिचाही जोर पहिल्या एक-दोन तासांतच येतो आणि अंमल थोडा जास्त रेंगाळतो. सकाळी साडेपाचला घेतलेली टॉर्सेमाइडही तुम्हाला डोंबिवलीला उतरवेल. शिवाय आकडे सारखे नाहीत, फ्युरोसेमाइडच्या ४० मिलिग्रॅमच्या जागी टॉर्सेमाइड साधारण २० मिलिग्रॅम धरतात. बाजारातल्या काही गोळ्यांत तिच्याबरोबर स्पायरोनोलॅक्टोन जोडलेलं असतं, जे पोटॅशियम वाढवतं आणि तुमच्या इतर औषधांत आधीच असू शकतं. दुसऱ्याची गोळी घेऊन बघणं म्हणूनच टाळा. फ्युरोसेमाइडने दुपारी घेऊनही सूज उतरली नाही, तर बदलण्याचा विचार डॉक्टर करतील.

घरच्यांना स्वेच्छानिवृत्तीचं मनातून काढून टाकायला सांगा, निदान या कारणासाठी तरी. गोळी दुपारवर नेऊन आधी दोन-तीन आठवडे बघा. नंतरही वर्ग चालवताना धाप लागते, जिन्याच्या एका मजल्यावर थांबावं लागतं असं असेल, तर नोकरीचा विचार हृदयाच्या ताकदीवरून करायचा आहे. मुख्याध्यापकांकडे मात्र एक गोष्ट मागा : दुसऱ्या तासानंतर पाच मिनिटं कोणीतरी वर्गावर उभं राहावं. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांनी लघवी रोखू नका म्हणून सांगितलं आहे’ एवढं पुरेसं आहे.

तुमच्यासारखे बाकीचे वाचक आपल्या दिवसावर हाच हिशोब चालवू शकतात. दुपारच्या सत्रातल्या शिक्षकाला सकाळी सहाची गोळी उत्तम, बाराला शाळेत पोहोचेपर्यंत जोर ओसरलेला असतो. सर्वांत अडचण होते ती आठला निघून रात्री आठला परतणाऱ्यांची, कारण त्यांना दुपार मिळत नाही. त्यांनी पहाटे पाचला घेऊन तीन तास घरी काढावेत, किंवा शौचालय जवळ असलेल्या कार्यालयात पोहोचल्यावर दहाला घ्यावी आणि बैठका बारानंतर ठेवाव्यात. रात्रपाळीवाल्याने सकाळी घरी येऊन झोपण्याआधी घेतली तर झोप तुटते. तो दुपारी एक-दोनला उठतो तेव्हा घ्यावी, रात्री नऊच्या पाळीपर्यंत ती संपलेली असते.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याचा प्रश्न तुमच्यासारखा वाटला तरी वेगळा असण्याची शक्यता जास्त आहे. बीपीच्या जोडगोळीत लघवीचं औषध सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, बहुतेकदा १२.५ मिलिग्रॅम. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात नाव लिहिलेलं असतं, ते त्याला वाचायला सांगा. ही औषधं तुमच्या गोळीसारखी एकदम धो धो लघवी आणत नाहीत. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे लघवी वाढते, मग शरीर जमवून घेतं, पण रक्तदाबावरचा असर टिकून राहतो. क्लोरथॅलिडोनचा अंमल तर दिवसाहून जास्त टिकतो, त्यामुळे ती सातला घेतली की दहाला याने फारसं बिघडत नाही. बीपीच्या गोळ्या सकाळी घ्याव्यात की रात्री, यावर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारून तो ड्युटी संपल्यावर घेऊ शकतो, रोज साधारण एकाच वेळी घेतली म्हणजे झालं. लघवीसाठी रात्री उठावं लागत असेल तर तेवढी संध्याकाळ टाळावी.

गोळी महिन्यांपासून चालू असूनही त्याला दर तासाला गाडी थांबवावीशी वाटत असेल, तर कारण गोळीबाहेर शोधावं लागेल. त्यासाठी त्याने तीन दिवस एक वही ठेवावी : किती वाजता गेला, किती झाली, त्याआधी काय प्यायला, रात्री किती वेळा उठला. मोजायला घरचं मापाचं भांडं किंवा खुणा असलेला प्लास्टिकचा मग वेगळा ठेवायचा. दर वेळी ३००-४०० मिलिलिटर आणि दिवसाला तीन लिटरच्या वर जात असेल तर लघवीच मुळात जास्त बनते आहे. साखर तपासा, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्यांची नावं दाखवा, कारण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या लघवीवाटेच साखर काढतात. दर वेळी ५०-१०० मिलिलिटरच होते आणि घाई मात्र फार, तर संसर्ग किंवा प्रोस्टेट तपासायला हवं. धार बारीक झाली असेल, सुरू व्हायला वेळ लागत असेल तर प्रोस्टेट आधी. डेपोतला कडक चहाही वहीत लिहायला सांगा, दिवसात सहा-सात कप चहा लपून राहत नाही.

चालकाच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी लघवीपेक्षा जास्त गंभीर आहे. या औषधांनी काहींचं सोडियम घसरतं. त्याची सुरुवात डोकं जड होणं, सुस्ती, मळमळ, लक्ष न लागणं अशी होते आणि माणूस ते ड्युटीच्या थकव्यावर ढकलतो. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिले काही डोस सुट्टीच्या दिवसांत यावेत असं बघावं. दोन-चार आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासून घ्यावं. एप्रिल-मेच्या उन्हात घाम जास्त जातो, तेव्हा चक्कर आली तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवावं. लांब पल्ल्यानंतर केबिनमधून उतरताना आधी पाय खाली सोडून अर्धा मिनिट बसावं, मग उठावं. घाटरस्त्यावर लघवी रोखून गाडी चालवू नये, घाट सुरू होण्याआधीच्या थांब्यावरच जाऊन यावं.

तुम्ही डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या, पुढच्या नेहमीच्या तपासणीची वाट बघू नका. त्याआधी रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, नेहमीपेक्षा एक उशी जास्त घ्यावी लागली, छातीत दुखलं, घेरी येऊन पडलात किंवा लघवी जवळजवळ बंद झाली, तर वेळ ठरण्याची वाट न बघता सरळ रुग्णालयात जा आणि गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या.